तबकडी : कोठार की किल्ली?

तबकडी यंत्रात घातली की खेळ सुरू व्हावा, अशी आपली साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात यंत्र आधी खेळाची नक्कल आपल्या साठवणीत उतरवून घेते. असे का?

कारण वेगाचे आहे. २०१३ साली आलेले प्लेस्टेशन ४ ब्लू-रे तबकडीवरून सेकंदाला जेमतेम २७ मेगाबाइट वाचते. म्हणजे ५० गिगाबाइटची तबकडी नुसती वाचायलाच अर्धा तास हवा! खेळातला घोडेस्वार दौडू लागला, तर पुढचे रान वेळेवर यायचे कसे? उलट, २०२० च्या प्लेस्टेशन ५ ची साठवण सेकंदाला साडेपाच गिगाबाइट देते; हा वेग दोनशे पट झाला.

मग तबकडी कपाटात ठेवावी का? २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये याचे उत्तर सापडते. प्लेस्टेशन ४ साठी तो दोन तबकड्यांवर आला. ‘डेटा डिस्क’ एकदा उतरवली की तिचे काम संपले. ‘प्ले डिस्क’ मात्र दर वेळी यंत्रात लागते. ती मालकीचा पुरावा असते. नाहीतर एका तबकडीवर दहा मित्र खेळतील.

राहिल्या दुरुस्त्या. छापलेली तबकडी बदलत नाही. तिचे शुद्धिपत्र इंटरनेटवरून येऊन साठवणीतल्या नकलेला जोडले जाते. नक्कल पुसली, तर शुद्धिपत्र पुन्हा मागवावे लागते. ते मिळणे बंद झाले, की हाती उरते तबकडीवरचेच. ते पुरेसे आहे का, हे इंटरनेट तोडून, खेळ नव्याने उतरवून आजच पाहावे.