खटका पडला, पण अर्थिंगचं काय?

छोट्या वर्कशॉपमध्ये महिन्याच्या तपासणीत आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण दाबतात, खटका पडतो आणि वहीत बरोबरची खूण होते. पण ते बटण फक्त आरसीसीबीच तपासतं. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी खटका पडतोच.

उभ्या ड्रिल मशीनचं घ्या. थ्री-पिन प्लगमधली हिरवी तार निसटली तरी मशीन नेहमीसारखं चालतं, कारण मोटरला फेज आणि न्यूट्रल पुरतात. पुढे वाइंडिंगमधून गळती झाली, की लोखंडी बॉडीत वीज उतरते. अर्थिंग नसल्याने ती तिथेच थांबते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेव्हा तुटेल, पण झटका बसल्यावरच.

म्हणून यादी अशी ठेवा:

१. मशीन बंद ठेवून टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही, तर आरसीसीबी बदलेपर्यंत काम बंद.

२. प्लग बोर्डातून काढा. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या स्क्रूला लावा. आवाज आला नाही, तर अर्थची तार तुटली आहे.

३. केबल मशीनमध्ये शिरते तिथे वाकवून बघा. चीर असेल तर टेप गुंडाळू नका, केबल बदला.

चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या हँड ग्राइंडरला अर्थ नसतो. त्याची दुसरी पायरी सोडा. बोर्डापासून जमिनीपर्यंतचं अर्थिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच मोजून घ्या.