शेवटच्या फेरीचं बोलावणं

पुण्यातल्या एखाद्या कंपनीत विक्री व्यवस्थापकाच्या जागेसाठी शेवटची फेरी ठरते, तेव्हा मेलमध्ये नुसती तारीख-वेळ कळवून भागत नाही. पॅनेलवर कोण बसणार, त्यांचे हुद्दे काय, हेही उमेदवाराला आधी कळायला हवं.

खरी मेख असते केसमध्ये. ‘विक्री वाढवण्याची योजना मांडा’ एवढंच लिहिलं, तर एकजण 40 स्लाइड आणतो, दुसरा 4. मग तुलना कशी करणार?

त्याऐवजी ‘नाशिकच्या वितरकांकडून येणाऱ्या ऑर्डर घटल्या आहेत, सोबतच्या आकड्यांवरून कारण शोधा. सादरीकरण 10 मिनिटं, स्लाइड 5, मग 15 मिनिटं प्रश्न’ असं नेमकं सांगावं. आकडे काल्पनिक आहेत हेही लिहावं, म्हणजे फुकटात काम करून घेतल्याची शंका येत नाही. मध्ये शनिवार-रविवार मिळाला, तर नोकरी सांभाळणाऱ्यालाही तयारी जमते.