भाडं वीस हजार, कर आपल्या अंगावर

सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पुण्याहून पाइपचा ट्रक येतो. माल उतरतो, ड्रायव्हर बिल्टी पुढे करतो. तिच्यावर ‘टू पे’ लिहिलेलं असतं, म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं. दुकानदार वीस हजार रुपये ट्रान्सपोर्टरच्या खात्यावर पाठवतो आणि व्यवहार मिटला असं समजतो. ट्रान्सपोर्टरची जीएसटीत नोंदणीच नाही, त्याने कर लावलेला नाही, मग कर कसला?

कायद्याच्या लेखी कर लागला आहे. फक्त तो भरायची जबाबदारी भाडं देणाऱ्यावर, म्हणजे नोंदणी असलेल्या आपल्या दुकानदारावर आली आहे. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. दर पाच टक्के, म्हणजे एक हजार रुपये. दुकानदार आणि ट्रान्सपोर्टर दोघेही महाराष्ट्रातले, त्यामुळे पाचशे सीजीएसटी आणि पाचशे एसजीएसटी. हे हजार रुपये ट्रान्सपोर्टरला द्यायचे नाहीत आणि त्याच्या भाड्यातून कापायचेही नाहीत.

त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, बिल्टी आहे का? बिल्टी देणाऱ्यालाच कायदा मालवाहतूक एजन्सी मानतो. चौकातला टेम्पोवाला बिल्टीशिवाय माल आणून टाकतो, त्याच्या भाड्यावर हा कर नाही. दुसरी, भाडं कोण देतंय? पुण्याच्या विक्रेत्याने भाडं भरून ते मालाच्या बिलात धरलं असेल, तर वाहतुकीचा रिव्हर्स चार्ज आपल्या दुकानदाराकडे येत नाही. म्हणून वहीत भाड्याची दोन खाती ठेवावीत, एक रिव्हर्स चार्जचं आणि एक त्याशिवायचं. एकाच ‘गाडीभाडे’ खात्यात सगळं टाकलं की वर्षअखेरीस एकेक व्हाउचर उपसत बसावं लागतं.

आता नोंदी. पहिली साधी आहे: गाडीभाडे खाते नावे वीस हजार, ट्रान्सपोर्टर जमा वीस हजार. पैसे दिले की ट्रान्सपोर्टर नावे, बँक जमा. इथे त्याचा हिशेब संपला.

कराची नोंद वेगळी करायची. इनपुट सीजीएसटी नावे पाचशे, इनपुट एसजीएसटी नावे पाचशे. समोर ‘रिव्हर्स चार्ज देय’ या नावाच्या सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या खात्यांत पाचशे-पाचशे जमा. एका बाजूला सरकारला द्यायचे हजार, दुसऱ्या बाजूला सरकारकडून वळते होणारे हजार. गफलत नेमकी इथेच होते. बेरीज शून्यच येते, मग नोंद कशाला, असं म्हणून काहीजण ती करतच नाहीत. काहीजण नोंद करतात, पण देय रक्कम खात्यात पडून असलेल्या क्रेडिटमधून वळती करून टाकतात. कायद्याला ते चालत नाही. रिव्हर्स चार्जचा कर पोर्टलवरच्या कॅश लेजरमधूनच, म्हणजे चलनाने पैसे भरूनच द्यावा लागतो. भरल्यावर नोंद होते: रिव्हर्स चार्ज देय नावे हजार, कॅश लेजर जमा हजार. त्यानंतर इनपुटमधले हजार विक्रीवरच्या करापोटी वापरता येतात. खिशातून गेलेले पैसे परत येतात, पण आधी जावे लागतात.

रिटर्नमध्येही दोन्ही बाजू दिसायला हव्यात. GSTR-3B मध्ये वीस हजार आणि त्यावरचा कर 3.1(d) मध्ये, क्रेडिट 4(A)(3) मध्ये. दोन्ही एकाच महिन्याच्या रिटर्नमध्ये घेता येतात. महिना ठरतो तो भाडं दिल्याच्या किंवा स्वतःचं बिल बनवल्याच्या तारखेवरून, जी आधी येईल ती. स्वतःचं बिल म्हणजे सेल्फ इन्व्हॉइस. ट्रान्सपोर्टर कराचं बिल देऊ शकत नाही, म्हणून दुकानदारानेच ते स्वतःच्या नावे करायचं. नोव्हेंबर 2024 पासून त्याला सेवा मिळाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. क्रेडिटचा आधार हाच कागद.

चूक लवकर लक्षात येत नाही, कारण पोर्टल आठवण करून देत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याचं बिल GSTR-2B मध्ये आपोआप दिसतं. नोंदणी नसलेल्या ट्रान्सपोर्टरचं काहीच तिथे येत नाही. त्यामुळे महिन्याच्या शेवटी स्वतःच ताळा करायचा. रिव्हर्स चार्जच्या भाडे खात्याची त्या महिन्याची बेरीज घ्यायची, तिचे पाच टक्के काढायचे आणि देय खात्याशी जुळवायचे. चलन भरल्यावर देय खातं शून्य झालं पाहिजे. तिथे शिल्लक उरली, तर कर भरायचा राहिला आहे. उशिरा भरलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज लागतं, आणि त्या व्याजाचं क्रेडिट मिळत नाही.

हाच दुकानदार कंपोझिशन योजनेत असता तर हिशेब बदलला असता. पाच टक्के त्यालाही भरावेच लागतात, तिमाहीच्या CMP-08 मधून. पण त्याला क्रेडिट नाही, म्हणून इनपुटची नोंद येतच नाही. ते हजार रुपये थेट गाडीभाडे खात्यात नावे पडतात, आणि पाइपची विक्री-किंमत ठरवताना भाडं वीस नव्हे, एकवीस हजार धरावं लागतं.