हळदीची संध्याकाळ आणि शेजाऱ्यांना द्यायचे निवेदन

घरच्या कार्याची कल्पना शेजाऱ्यांना देणाऱ्या चिठ्ठीला सोसायट्यांमध्ये सरसकट ‘नोटीस’ किंवा ‘सूचना’ म्हणतात. सूचना देणे हे सेक्रेटरीचे काम. ज्याच्या घरी कार्य आहे तो करतो ती विनंती, म्हणून कागदाच्या डोक्यावर ‘निवेदन’ किंवा ‘नम्र विनंती’ असेच लिहिलेले बरे. हा भेद केवळ शब्दाचा नाही. सूचनेत काय होणार एवढेच सांगितले तरी चालते. विनंतीत मात्र समोरच्याला आपली अडचण सांगता यावी, अशी जागा ठेवावी लागते.

पुण्यासारख्या शहरातली २४ घरांची एक इमारत उदाहरणादाखल घेता येईल. मुलीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, शनिवारी, खालच्या पार्किंगमध्ये हळद करायची आहे. पाहुणे ६०. त्यांतले दहा जण आधीपासून घरीच उतरलेले आहेत. उरलेले ५० बाहेरून येणार, म्हणजे साधारण १२ मोटारी आणि सात दुचाक्या. मांडवाला गाड्यांच्या पाच जागा लागतात. त्यांतली एक यजमानांची, बाकी चार शेजाऱ्यांच्या. सोसायटीत पाहुण्यांसाठी राखलेल्या जागाही चारच आहेत.

कागद लिहायला घेण्याआधी इथे तीन परवानग्या लागतात. पार्किंग सामाईक असल्याने सोसायटीच्या कमिटीची लेखी संमती हवी. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हवी. आणि ज्या चौघांच्या जागा अडणार आहेत, त्यांच्या दारी जाऊन विचारायला हवे. ही तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. जागा आपली असलेल्या माणसाला ती जाणार आहे हे फलकावर वाचायला मिळाले, तर पुढची कितीही गोड भाषा वाया जाते. त्या चार गाड्यांना पाहुण्यांच्या राखीव जागा द्याव्यात आणि पाहुण्यांच्या सगळ्या मोटारी बाहेर लावाव्यात. पाच मिनिटांच्या अंतरावर मंगल कार्यालय असेल, तर त्याचे पटांगण त्या संध्याकाळपुरते बोलून ठेवता येते.

यानंतर निवेदनाचा मजकूर असा होतो:

‘सर्व रहिवाशांस सप्रेम नमस्कार. आमच्या मुलीच्या लग्नानिमित्त येत्या शनिवारी पार्किंगमध्ये हळदीचा कार्यक्रम आहे. संध्याकाळी ५.३० ते ७ हळद आणि घरच्या बायकांची गाणी, माइकशिवाय. ७ ते ९.३० स्पीकरवर गाणी आणि जेवण. ९.३० ला स्पीकर बंद होईल. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी ही वेळ बदलणार नाही. पाहुण्यांच्या मोटारी मंगल कार्यालयाच्या पटांगणात लागतील. फाटक आणि जिना मोकळा राहील. या वेळेत कोणास गाडी बाहेर काढायची असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे, ती फाटकाजवळ लावण्याची सोय करू. घरात तान्हे बाळ, आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी असल्यास जरूर सांगावे. कार्यक्रमादरम्यान काही त्रास झाल्यास माझ्या भाच्याला फोन करावा (नाव व मोबाइल नंबर). तो फाटकापाशीच असेल. गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. आपणही सहकुटुंब अगत्य यावे.’

या मजकुरात सर्वांत मोलाचे वाक्य आहे ते वेळ न बदलण्याचे. हळद उशिरा सुरू होते, हे कोणाही शेजाऱ्याला माहीत असते. ‘५.३० ते ९.३०’ एवढेच वाचले की तो मनात दीड तास पुढे धरतो. सुरुवात लांबली तरी शेवट तोच राहणार हे कळले, की बाळाला किती वाजता झोपवायचे ते त्याला ठरवता येते. ‘थोडा त्रास होईल, सहकार्य करावे’ या नेहमीच्या ओळीतून हे काहीच कळत नाही.

फोन नंबर वधूपित्याचा देऊ नये. त्या संध्याकाळी त्याचा फोन कुठेतरी कोटाच्या खिशात किंवा कपाटात असतो, आणि ऐन गाण्यांत तो वाजलेला ऐकूही येत नाही. उचलला न गेलेला फोन हेच अनेक भांडणांचे मूळ असते, कारण त्यानंतर तक्रार थेट पोलिसांकडे जाते. ज्याला स्पीकरचा आवाज स्वतःच्या हाताने कमी करता येईल, असा भाचा किंवा पुतण्या नेमावा.

९.३० ची वेळ निवडण्यामागे कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, पण खासगी समारंभासाठी ती नसते. शेजाऱ्यांनी आनंदाने होकार दिला तरी हा नियम शिथिल होत नाही. शेवटचे गाणे, त्यावरची फर्माईश आणि निरोप यांत अर्धा तास सहज जातो, म्हणून कागदावर १० लिहिणे धोक्याचे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याहून ५ डेसिबलच वर जाऊ शकतो. साधे बोलणे ६० च्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती कमी आहे ते उमगते. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आतला भाग राज्य सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल, तर तिथे नियम याहून कडक आहेत.

प्रत्यक्षात शेजाऱ्याला सतावते ते गाणे नव्हे, त्याखालचा ठोका. उंच सूर भिंतीत आणि बंद खिडकीत बरेचसे अडतात, खालचे सूर मात्र अडत नाहीत. पार्किंगच्या फरशीवर ठेवलेल्या बेसच्या खोक्याचा हादरा खांबांतून वरच्या मजल्यांवर पोचतो. खोक्याखाली जाड रबर घालावे, बेस उतरवावा आणि स्पीकरचे तोंड इमारतीकडे असू नये. शनिवारी दुपारी एक गाणे लावून पहिल्या मजल्यावरच्या घरी, दारे-खिडक्या लावून, दोन मिनिटे उभे राहावे. तावदान थरथरले किंवा मांडणीवरची भांडी वाजली, तर बेस अजून जास्त आहे.

निवेदन आठ दिवस आधी फलकावर आणि लिफ्टमध्ये लावावे. त्याहून आधी लावलेले विसरले जाते, उशिरा लावले तर कोणाला बेत बदलता येत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावेच, पण तेवढ्यावर विसंबू नये. भाडेकरू पुष्कळदा त्या ग्रुपमध्ये नसतात आणि सकाळच्या शुभेच्छांखाली मजकूर गाडला जातो. पार्किंगच्या थेट वरच्या घरांत आणि जिथे म्हातारी माणसे एकटी राहतात तिथे स्वतः जाऊन सांगावे.

शेजाऱ्यांना दिलेला शब्द अखेर पाहुण्यांनीच पाळायचा असतो. म्हणून पटांगणाचा पत्ता, सोसायटीच्या फाटकात मोटार न आणण्याची विनंती आणि निघताना हॉर्न न वाजवण्याची आठवण त्यांना आमंत्रणाबरोबरच पाठवावी. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यालाही त्याच नियमांत मनाई आहे. ५ ते ७ वॉचमनच्या जोडीला घरची दोन मुले फाटकावर उभी करावीत. वॉचमनला पाहुण्यांना अडवणे जड जाते, भाच्याला जात नाही. ‘दोनच मिनिटांसाठी’ फाटकात लावलेली एक मोटार अॅम्ब्युलन्सची वाट अडवायला पुरते.

मांडव रात्री ११ पर्यंत, आवाज न करता, उतरवावा. कनाती गुंडाळता येतात, लोखंडी खांब मात्र सकाळीच काढावेत, कारण फरशीवर पडणाऱ्या खांबाचा आवाज स्पीकरपेक्षा वाईट. हळदीचे डाग सुकण्याआधी पुसले तर निघतात. चारही जागा धुऊन झाल्या, की त्या चौघांना तसा निरोप द्यावा आणि फलकावरचा कागद काढून घ्यावा.