पहिल्या राऊंडला ‘हो’ म्हणण्याआधी

पुण्यात आयटीतली नोकरी शोधताना असा फोन हमखास येतो: "जावाची अर्जंट ओपनिंग आहे, उद्या अकराला राऊंड ठेवू?" लगेच हो म्हणू नका. आधी मेलवर जेडी मागवा आणि असा मेसेज पाठवा:

"नमस्कार मॅडम, फोनबद्दल आभार. वेळ ठरवण्याआधी एवढं कळवाल का? क्लायंट कोण आणि पेरोल कोणाचं? एकूण राऊंड किती, कोडिंग कितव्या राऊंडला? शेवटचा राऊंड ऑफिसात येऊन द्यायचा आहे का?"

यात क्लायंटचं नाव सर्वांत महत्त्वाचं. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टन्सींनी तुमचा सीव्ही पाठवला, तर डुप्लिकेट म्हणून तो बाद होऊ शकतो. रिक्रूटर नाव सांगत नसेल, तर "नाव कळल्यावर मी होकार देईन, तोवर सीव्ही पुढे पाठवू नका," असं लेखी कळवा.

राऊंडची माहिती तयारीसाठी लागते. लाइव्ह कोडिंगची तयारी वेगळी, घरी करायच्या असाइनमेंटची वेगळी. नेमका क्रम रिक्रूटरलाही कधीकधी ठाऊक नसतो. "हायरिंग मॅनेजरला विचारून सांगते" हे उत्तर चालेल. पण जेडीही नाही आणि पेरोलबद्दलही टाळाटाळ, तर नुसते सीव्ही गोळा करणं चालू असण्याची शक्यता जास्त.