जमिनीखाली संपत्ती, दारात कर्जाचा ट्रक : खनिजांचा 'शाप' नेमका काय असतो?

जमिनीखाली तेल किंवा खनिज सापडले की देश श्रीमंत होणार, असे आपण धरून चालतो. पण तेलावर बसलेल्या नायजेरियात आणि व्हेनेझुएलात सामान्य माणूस गरीबच राहिला. 1990 च्या दशकात रिचर्ड ऑटी या अभ्यासकाने याला 'संसाधनांचा शाप' म्हटले. शाप-वरदान आपण मानत नाही, कार्यकारण मानतो. म्हणून आपण कारणे शोधू, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. शेजारचा गोवा पुरेसा आहे.

गोव्यातले लोहखनिज कमी प्रतीचे. पण 2000 नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांना तेही हवेसे झाले. 2010-11 मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ट्रकची कमाई शेतीपेक्षा जास्त, म्हणून शेती मागे पडली. खाणीतला गाळ पावसात भातखाचरांत उतरला, तेव्हा उरलीसुरली शेतीही अवघड झाली. ही शापाची पहिली पायरी. एका धंद्यात झटपट पैसा आला की माणसे आणि भांडवल तिकडेच ओढले जाते आणि बाकीची कामे सुकतात. देशाच्या पातळीवर यात आणखी एक भर पडते. निर्यातीमुळे परकीय चलन येते, स्थानिक चलन महाग होते आणि इतर कारखान्यांचा माल परदेशात विकेनासा होतो. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर हे घडले, म्हणून याला 'डच आजार' म्हणतात.

दुसरी पायरी भावाची. 2011 च्या सुरुवातीला लोहखनिजाचा जागतिक भाव टनाला 180 डॉलरच्या आसपास होता. 2015 च्या अखेरीस तो 40 डॉलरच्या खाली गेला. गोव्यात तर त्याआधीच, बेकायदा खाणकामाच्या आरोपांमुळे 2012 मध्ये सर्व खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. एकाच वस्तूवर उभी असलेली कमाई अशी एका झटक्यात जाते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची : पैसा गेला कुणाकडे? हिशोबासाठी समजा, एक टन खनिज 3000 रुपयांना विकले आणि काढण्या-वाहण्याचा खर्च 1000 रुपये आला. तेव्हा रॉयल्टी 10 टक्के होती, म्हणजे राज्याला 300 रुपये. उरलेल्या 1700 रुपयांतून केंद्राचे कर वजा जाता बाकी खाणमालकाची. ती त्याच्या कष्टाची नाही, जमिनीची कमाई आहे. आणि ती जमीन सर्वांची आहे. इतका फुकटचा पैसा जिथे असतो, तिथे नवा उद्योग काढण्यापेक्षा परवाना सांभाळणे फायद्याचे ठरते. मग राजकारण त्याभोवती फिरू लागते. शाह आयोगाने गोव्यातले नुकसान सुमारे 35,000 कोटी रुपये आकारले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणपट्ट्यांची मुदत 2007 मध्येच संपली होती.

आपल्या नगर जिल्ह्याशी तुलना केली की फरक कळतो. प्रवरा परिसरात 1950 च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना उसावर चालला. ऊस दरवर्षी पुन्हा उगवतो, कारखाना गावातच असतो, त्यातून दुसरे धंदे निघतात. खनिज मात्र बंदरातून जाते आणि मागे खड्डा उरतो. तरी साखरेचा वाटाही सर्वांना मिळाला नाही. भूमिहीन माणूस सभासद झाला नाही आणि पाथर्डीचा मजूर आजही कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. म्हणजे प्रश्न वस्तूचा जितका, तितकाच वाटपाचा.

गोवा राज्य म्हणून गरीब झाले नाही, कारण पर्यटन आणि इतर उद्योग होते. फटका बसला तो खाणपट्ट्याला. शाप अटळही नाही. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला. मुद्दल राखायचे आणि दरवर्षी साधारण 3 टक्केच खर्च करायचे, असा आज तिथला दंडक आहे. कारण खनिज विकणे म्हणजे उत्पन्न नव्हे, घरातले सोने विकणे. गोव्यातही न्यायालयाने विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायम निधी उभारायला सांगितले.

आपल्याकडे लोखंड नाही, पण प्रवरा, मुळा, गोदावरीची वाळू आहे. तिच्या बाबतीत ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारायचे : किती उपसली, सरकारजमा किती झाले, आणि त्यातले गावाला काय मिळाले? उत्तर कागदावर मिळत नसेल, तर तिसरी पायरी आपल्या गावातही सुरू झाली आहे असे समजावे.