'लो सोडियम' मीठ कुणाला चालत नाही?

केळी, शहाळ्याचं पाणी, डाळी यांतल्या पोटॅशियममुळे मूत्रपिंड जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. पण जादा पोटॅशियम बाहेर टाकणारंही मूत्रपिंडच. समजा, मधुमेहानं मूत्रपिंड थकलेल्या आजोबांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. हे औषध पोटॅशियम शरीरात रोखतं, स्पायरोनोलॅक्टोनही तसंच. अशात घरच्यांनी काळजीपोटी 'लो सोडियम' मीठ आणलं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं (पाकिटामागचं बारीक अक्षर वाचतो कोण!). रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ हवं. ते ६ च्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, अनेकदा आधी काहीच न जाणवता. कळतं ते रक्ततपासणीतच. आजोबांनी ते मीठ टाळावं, साधंही बेतानंच खावं. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.